फोनवरचा होकार आणि राजीनाम्याची तारीख

नोकरभरतीच्या कामात ज्या वाक्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटत आली आहे, ते वाक्य अतिशय आनंदाचे असते. रिक्रूटर फोन करतो, अभिनंदन करतो, पगाराचा आकडा सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, "तुमची निवड नक्की झाली आहे, ऑफर लेटर दोन-तीन दिवसांत येईल, तोवर तुम्ही राजीनामा देऊन टाका म्हणजे नोटीस पिरियड सुरू होईल." या वाक्यात खोटे सहसा काही नसते. मात्र त्यातला पहिला भाग ज्या माणसाने ठरवला, तो दुसऱ्या भागाची जबाबदारी घेणारा नसतो, आणि तिसऱ्या भागाचा परिणाम ज्याच्यावर होणार, त्याला ही फोड दिसत नाही. उमेदवारांना ऑफर देणाऱ्या बाजूला मी बरीच वर्षे बसलो असल्यामुळे फोन आणि पत्र यांच्यामधल्या त्या दोन-तीन दिवसांत आत काय चालते, ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच राजीनाम्याआधी लेखी ऑफर मागणे हा मला शिष्टाचाराचा नव्हे, क्रमाचा प्रश्न वाटतो.

मुलाखती संपल्यावर जो माणूस "हाच उमेदवार हवा" असे म्हणतो, तो हायरिंग मॅनेजर असतो. त्याचा होकार ही निवड झाली. नेमणूक अद्याप व्हायची असते. त्यानंतर उमेदवाराला कोणत्या श्रेणीत बसवायचे आणि त्या श्रेणीच्या पगाराच्या चौकटीत मागितलेला आकडा मावतो का, हे एचआरमधला पगाराचे काम पाहणारा गट तपासतो. मग ती जागा या तिमाहीच्या मंजूर पदसंख्येत खरोखर आहे का, हे फायनान्स पाहते. आकडा चौकटीबाहेर गेला असेल तर वरच्या एका अधिकाऱ्याची वेगळी मंजुरी लागते, आणि तो अधिकारी नेमका प्रवासात असतो. हे सगळे हिरवे झाल्यावर ऑफर लेटर तयार होते आणि ज्याला सहीचा अधिकार आहे त्याच्या सहीने बाहेर पडते. रिक्रूटर फोन करतो तेव्हा यातल्या किती पायऱ्या ओलांडलेल्या असतात, हे प्रत्येक कंपनीत निराळे असते. काही ठिकाणी सर्व मंजुऱ्या झाल्याशिवाय फोनच होत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र पहिली पायरी झाली की फोन होतो, कारण चांगला उमेदवार दुसरीकडे निसटेल ही भीती असते. फोनवरच्या आवाजावरून यातला फरक ओळखता येत नाही.

रिक्रूटरची बाजूही नीट समजून घ्यायला हवी, कारण त्याला ठग समजून केलेला संवाद बिघडतो. कंपनीतला पगारी रिक्रूटर किती जागा किती दिवसांत भरल्या यावर मोजला जातो, त्यामुळे त्याला उमेदवाराची रुजू होण्याची तारीख लवकरात लवकर पक्की हवी असते. बाहेरच्या एजन्सीतला रिक्रूटर असेल, तर त्याच्या एजन्सीचे शुल्क साधारणपणे उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांत असते आणि बहुतेकदा उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच ते पदरात पडते. म्हणजे तुमचा राजीनामा हा त्याच्या कमाईच्या वाटेवरचा टप्पा आहे. राजीनामा दिलेला उमेदवार मागे फिरत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असते. तो तुमचे वाईट चिंतत नसतो. तुमचा धोका त्याच्या हिशेबातच येत नाही, एवढेच.

हा धोका कसा उलगडत जातो, याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण न्यायालयाच्या निकालात नोंदलेले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये 'ग्राउस विरुद्ध ग्रुप हेल्थ प्लॅन' या खटल्याचा निकाल दिला. फिर्यादी औषधनिर्माता होता आणि एका औषधाच्या दुकानात नोकरी करत होता. त्याने ग्रुप हेल्थकडे अर्ज केला, मुलाखती झाल्या, आणि डिसेंबर 1975 मध्ये तिथल्या मुख्य औषधनिर्मात्याने त्याला फोनवर नोकरी देऊ केली. त्याने ती स्वीकारली आणि सध्याच्या मालकाला दोन आठवड्यांची सूचना द्यावी लागेल, असे सांगितले. त्याच दुपारी त्याला दुसऱ्या एका राज्यातल्या रुग्णालयाकडूनही नोकरीचा प्रस्ताव आला. हातात आधीच होकार असल्यामुळे त्याने तो नाकारला. पुढे मुख्य औषधनिर्मात्याने त्याला पुन्हा फोन करून राजीनामा दिला ना, याची खात्री करून घेतली, आणि त्याने दिल्याचे सांगितले.

त्यानंतरचा भाग, नोकरभरतीत काम केलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. मुख्य औषधनिर्मात्याने आपल्या महाव्यवस्थापकाला सांगितले की मी एक माणूस घेतला आहे किंवा घ्यायच्या विचारात आहे. तेव्हा महाव्यवस्थापकाने त्याला नियम सांगितले: अनुकूल लेखी शिफारस हवी, पार्श्वभूमीची तपासणी हवी आणि अखेर महाव्यवस्थापकाची मंजुरी हवी. म्हणजे ज्याने फोनवर नोकरी दिली, त्याला त्या नोकरीसाठी काय काय लागते, हे नोकरी देऊन झाल्यावर कळले. मग धावपळ सुरू झाली. महाविद्यालयातल्या दोन प्राध्यापकांनी शिफारस द्यायला नकार दिला. ज्या दुकानांत त्याने तात्पुरते काम केले होते, त्यांनी मत देण्याइतकी ओळख नसल्याचे कळवले. सध्याच्या मालकाला विचारायची सोय नव्हती, कारण त्याच्याशी संपर्क करू नये, अशी विनंती उमेदवाराने अर्जातच केली होती, जी नोकरीत असलेला कोणीही शहाणा माणूस करतो. शिफारस मिळाली नाही, आणि जागेवर दुसऱ्याची नेमणूक झाली. आपला माणूस "मी आता कामावर येऊ शकतो" हे सांगायला फोन करतो, तेव्हा त्याला ही बातमी मिळते.

न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण कशासाठी दिला ते पाहण्यासारखे आहे. नोकरी कोणत्याही क्षणी कोणत्याही बाजूने संपवता येण्याजोगी असल्यामुळे करार झाला असे न्यायालयाने मानले नाही. दिलेल्या शब्दावर माणूस विसंबून राहिला आणि त्यापायी त्याने हातचे घालवले, म्हणून शब्द देणाऱ्याने ती हानी भरून द्यावी, या तत्त्वावर त्याला भरपाईचा हक्क मिळाला. आणि ती भरपाई नव्या नोकरीत किती कमावले असते, यावर मोजायची नव्हती. सोडलेली नोकरी आणि नाकारलेला दुसरा प्रस्ताव यांमुळे किती गमावले, यावर मोजायची होती. एवढ्यासाठी 1975 ते 1981 इतका काळ गेला. ही दाद मिळाली ती एका राज्याच्या कायद्याखाली. इतरत्र हेच तत्त्व नोकरीच्या बाबतीत किती लागू होईल, ते त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून आहे. काही देशांत तोंडी प्रस्ताव आणि तोंडी स्वीकारही बंधनकारक करार ठरू शकतो, पण मग तो प्रस्ताव काय होता हे सिद्ध करायचे ओझे ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावरच येते.

मला या खटल्यात हळहळीपेक्षा क्रम जास्त दिसतो. लेखी पत्राची मागणी झाली असती तर ते पत्र महाव्यवस्थापकाकडे सहीला गेले असते, आणि शिफारशीचा प्रश्न राजीनाम्याच्या आधी उभा राहिला असता. पत्र मागण्याचा खरा उपयोग इथे आहे. पुरावा म्हणून ते कामी येते, हे दुय्यम; पत्र निघण्यासाठी कंपनीला आपल्या आतल्या सगळ्या मंजुऱ्या पूर्ण कराव्या लागतात, हे मुख्य. तुम्ही कागद मागता तेव्हा कंपनीला स्वतःशीच निर्णय पक्का करायला भाग पाडता.

कायदा हे काम तुमच्यासाठी करील, या भरवशावर राहता येत नाही. नोकरीच्या अटी लेखी मिळण्याचा हक्क अनेक ठिकाणी आहे, पण तो कधीपासून लागू होतो ते पाहा. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2020 पासून कर्मचाऱ्याला अटींचे लेखी निवेदन कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत मिळायला हवे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार मूलभूत माहिती पहिल्या कामाच्या दिवसापासून सात दिवसांच्या आत लेखी द्यायची असते. दोन्ही नियम चांगले आहेत, पण दोन्हींचे घड्याळ तुम्ही नव्या जागी पाऊल टाकता तेव्हाच्या आसपास चालू होते, आणि तोवर जुना राजीनामा शिळा झालेला असतो. मधल्या पोकळीत लेखी पत्र मिळवणे हे उमेदवाराचे स्वतःचे काम उरते.

आता प्रत्यक्षात ते कसे करायचे, याकडे वळतो. माझ्या ओळखीतल्या एका तरुण अभियंतीने हे काम इतके नेटके केले, की तिच्या परवानगीने तपशील सांगतो. तिचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा होता. 4 मार्चला, मंगळवारी, तिला एजन्सीच्या रिक्रूटरचा फोन आला: निवड झाली आहे, सध्याच्या पगारावर 30 टक्के वाढ आहे, उद्याच राजीनामा दिलात तर 3 मेला मोकळ्या व्हाल आणि सोमवारी, 5 मेला, रुजू होता येईल. तिने फोनवर आनंद व्यक्त केला, राजीनाम्याविषयी काहीच शब्द दिला नाही आणि संध्याकाळी हा ईमेल पाठवला:

"फोनवर झालेल्या बोलण्याबद्दल आभारी आहे. या पदावर काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. पद, निश्चित पगार, बदलता पगार, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख नमूद केलेले ऑफर लेटर मिळाल्यावर मी दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर कळवीन, आणि लेखी स्वीकृती दिल्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी राजीनामा देईन. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा असल्यामुळे रुजू होण्याची तारीख मी राजीनामा देईन त्या दिवसापासून मोजावी, ही विनंती. पत्र साधारण कोणत्या तारखेपर्यंत मिळू शकेल, ते कृपया कळवावे."

या ईमेलमध्ये काय नाही, तेही महत्त्वाचे आहे. अविश्वासाची भाषा नाही, कोणा मित्राच्या फसगतीची कहाणी नाही, "कंपनीचे धोरण काय आहे" असा आव्हानात्मक प्रश्न नाही. तिने स्वतःवर दोन मुदती घालून घेतल्या आणि त्या बदल्यात एक तारीख मागितली. सर्वांत कामाचे वाक्य तारखेचे आहे. रुजू होण्याचा दिवस एकदा फोनवर 5 मे असा ठरला, की पत्राला होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराचा भुर्दंड उमेदवाराला बसतो, कारण ती तारीख गाठण्यासाठी राजीनामा पत्राआधीच द्यावा लागतो. दिवस राजीनाम्यापासून आणि राजीनामा पत्रापासून मोजायचा ठरला, की उशीर ज्याच्यामुळे होतो त्याच्याच माथी पडतो, आणि आश्चर्यकारक वेगाने मंजुऱ्या मिळू लागतात.

रिक्रूटरचा दुसऱ्या दिवशी फोन आला, आणि तो अपेक्षितच होता. "मॅडम, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल अपलोड केल्याशिवाय आमच्याकडे ऑफर लेटर निघतच नाही." ही मागणी काही ठिकाणी खरोखर नियम म्हणून असते, आणि तिच्यामागे कंपन्यांचा एक रास्त अनुभव आहे: उमेदवार पत्र घेतो, ते आपल्या सध्याच्या वरिष्ठाला दाखवतो, पगार वाढवून घेतो आणि नव्या जागी येतच नाही. कंपनीचे महिने वाया जातात. मला या तक्रारीबद्दल सहानुभूती आहे, पण तिच्यावरचा हा उपाय मान्य नाही. उमेदवार आला नाही तर कंपनीला पुन्हा शोध घ्यावा लागतो. पत्र आले नाही तर उमेदवाराचे उत्पन्नच थांबते. दोन धोके एकाच मापाचे नाहीत, आणि मोठा धोका लहान खांद्यावर टाकायला नियम हे नाव दिल्याने तो न्याय्य होत नाही.

ती वाद घालत बसली नाही. तिने विचारले की, राजीनाम्याचा पुरावा पत्राच्या आधी लागतो की रुजू होण्याच्या आधी? रिक्रूटरने कंपनीला विचारून सांगतो म्हटले. दोन दिवसांनी उत्तर आले की, पत्र आधी देता येईल, मात्र स्वीकृतीनंतर पाच दिवसांत राजीनाम्याची पोच द्यावी लागेल, आणि न दिल्यास ऑफर आपोआप रद्द होईल. ही तडजोड उत्तम आहे आणि ती बहुतेक ठिकाणी मिळू शकते, कारण कंपनीला हवे असलेले संरक्षण तीत पूर्ण मिळते. पुष्कळदा ज्याला नियम म्हणून सांगितले जाते, ती रिक्रूटरची सवय असते, आणि योग्य प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचला की ती विरघळते.

त्यानंतर वाट पाहण्याचे दिवस आले. या दिवसांत "पत्र कधी येईल?" असा प्रश्न रोज विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्याचे उत्तर नेहमी "प्रोसेसमध्ये आहे" असेच येते. "आता कोणाची मंजुरी बाकी आहे?" हा प्रश्न विचारावा. ज्या रिक्रूटरला आतली स्थिती माहीत आहे, तो सांगतो की श्रेणी ठरली, फायनान्सची बैठक बुधवारी आहे, सही गुरुवारी होईल. असे नाव-गाव असलेले उत्तर पुढे सरकले, तरी काळजीचे कारण नसते. उलट तीन वेळा विचारूनही कोणाची मंजुरी अडली आहे, हे सांगता येत नसेल, तर एकतर ती जागाच मंजूर झालेली नाही किंवा तुम्ही दुसऱ्या पसंतीचे उमेदवार आहात आणि पहिल्याच्या उत्तराची वाट पाहिली जात आहे. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला असताना या दोन्ही कारणांसाठी "प्रोसेस" हा शब्द वापरलेला ऐकला आहे. याच काळात पगाराच्या पावत्या, शिक्षणाची प्रमाणपत्रे मागितली जातात. ते रीतसर आहे. प्रशिक्षण, नोंदणी किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले गेले, तर मात्र ती नोकरी नाही, हे तिथेच ओळखावे.

14 मार्चला, शुक्रवारी, पत्र आले. इथे बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडून सही करतात, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अर्धा तास हाच असतो. तिने फोनवरचे बोलणे आणि पत्रातले शब्द शेजारी ठेवले. तिचा सध्याचा पगार 100 मानला, तर फोनवर 130 सांगितले होते, आणि पत्रातही बेरीज 130 होती. पण फोड अशी होती: निश्चित पगार 108, कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता पगार जास्तीत जास्त 15, आणि रुजू होतानाचा एकदाच मिळणारा बोनस 7, तोही बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. तिच्या सध्याच्या नोकरीतले 100 सगळेच्या सगळे निश्चित होते. म्हणजे ज्याची दरमहा खात्री धरता येईल अशी वाढ 8 टक्के होती. 30 चा आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या कशाचा तरी होता. दुसऱ्या वर्षी तो बोनस गळून पडला की 130 चे 123 होतात, आणि तेही बदलता भाग पूर्ण मिळाला तर.

तिने सोमवारी रिक्रूटरला ही फोड लिहून पाठवली आणि निश्चित पगार 118 करावा, अशी विनंती केली. मंगळवारी, 18 मार्चला, सुधारित पत्र आले: निश्चित 115, बदलता 15, बोनस वगळलेला. बेरीज तीच, पण कंपनीला पुढच्या वर्षीही ती टिकवावी लागणार होती. हे सगळे ती करू शकली, कारण तिच्या हातात तिची नोकरी होती. 5 मार्चला राजीनामा देऊन ती या पत्रासमोर बसली असती, तर वाटाघाटीतले तिचे शेवटचे साधन आधीच खर्च झालेले असते आणि पत्र जसे असेल तसे गोड मानून घ्यावे लागले असते. लेखी पत्राची चर्चा नेहमी ऑफर मागे घेतली जाण्याच्या भीतीभोवती फिरते. माझ्या पाहण्यात मात्र ऑफर मागे घेतली जाण्यापेक्षा तिचा आकार बदलून येणे कितीतरी अधिक घडते, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

पत्रात आणखी एक परिच्छेद होता, जो जवळजवळ प्रत्येक ऑफर लेटरमध्ये असतो आणि जवळजवळ कोणी वाचत नाही. ऑफर पार्श्वभूमीच्या पडताळणीच्या, वैद्यकीय तपासणीच्या आणि आधीच्या मालकाच्या कार्यमुक्ती पत्राच्या अधीन आहे, असे त्यात म्हटले होते. अशा पत्राला ऑफर म्हणतात, पण ती सशर्त असते. अट पुरी न झाल्यास कंपनी मोकळी असते. म्हणून प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारायचा: ही राजीनाम्याआधी पुरी करून घेता येईल का? वैद्यकीय तपासणी घेता येते. शिक्षणाची आणि जुन्या नोकऱ्यांची पडताळणीही घेता येते. सध्याच्या मालकाकडची पडताळणी मात्र राजीनाम्याआधी करता येत नाही, कारण तिथे विचारणा गेली की बातमी फुटते. ग्राउस खटल्यातला पेच नेमका हाच होता. तिने लेखी ठरवून घेतले की, बाकीची पडताळणी कंपनी लगेच सुरू करील, आणि सध्याच्या मालकाकडे ती रुजू झाल्यावर विचारणा करील. जी अट तुमच्या हातात नाही आणि राजीनाम्यानंतरच पुरी होऊ शकते, ती किती धोक्याची आहे, हे शेवटी स्वतःच्या कागदपत्रांकडे पाहूनच ठरवावे लागते. अनुभवाच्या तारखांत एखादा महिना इकडेतिकडे असेल, तर तो पडताळणीत निघण्यापेक्षा आधी आपणच सांगितलेला बरा.

पत्र म्हणून जे येते, ते खरोखर ऑफर लेटर आहे का, हेही पाहावे लागते. 'लेटर ऑफ इंटेंट' नावाचा एक कागद कधीकधी उमेदवाराच्या समाधानासाठी पाठवला जातो. त्यात पगार असतो, पद असते, आणि शेवटी हा कागद कोणत्याही पक्षावर बंधनकारक नाही, असे एक वाक्य असते. त्यावर राजीनामा देणे म्हणजे फोनवर देण्यासारखेच. पत्र एजन्सीच्या पत्त्यावरून आले असेल, तर तेच कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवण्याची विनंती करावी, आणि सही कोणाची आहे, त्याचे पद काय, हे वाचावे. उत्तर देण्याची अंतिम मुदतही बघावी, कारण दुरुस्तीच्या पत्रव्यवहारात ती उलटून जाते. तिने सुधारित पत्राबरोबर मुदतही वाढवून घेतली होती.

18 मार्चला संध्याकाळी तिने स्वीकृतीची सही केलेली प्रत पाठवली, ती मिळाल्याची कंपनीची पोच आली, आणि 19 ला तिने राजीनामा दिला. 60 दिवस 17 मेला संपत होते. रुजू होण्याची तारीख सोमवार, 19 मे अशी पत्रातच दुरुस्त करून घेतलेली होती. रिक्रूटरच्या पहिल्या हिशेबापेक्षा हे बरोबर दोन आठवडे उशिरा होते.

एवढे करूनही पत्र म्हणजे कवच नव्हे, हे सांगायला हवे. जून 2022 मध्ये कॉइनबेस या कंपनीने भरती थांबवताना उमेदवारांनी आधीच स्वीकारलेल्या काही ऑफरही मागे घेतल्या. त्या लोकांकडे कागद होते, सह्या होत्या. ज्या व्यवस्थेत नोकरी रुजू झाल्यावर दुसऱ्या दिवशीही संपवता येते, तिथे रुजू होण्याआधीचा कागद त्याहून जास्त बळ देऊ शकत नाही. फरक असा, की अशा वेळी कंपनीला आपण कोणाला शब्द दिला होता, ते नाकारता येत नाही. कॉइनबेसनेही त्या लोकांना आपले भरपाईचे धोरण लागू करण्याचे जाहीर केले होते. ज्याच्याकडे फक्त फोनवरचा होकार असतो, तो अशा यादीत सापडणारच नाही. म्हणून पत्र हाती आल्यावरही नोटीस पिरियडच्या काळात जुन्या ठिकाणचे संबंध सांभाळावेत आणि नव्या कंपनीच्या एचआरशी दर दोन आठवड्यांनी दोन ओळींचा संपर्क ठेवावा. उत्तरे अचानक तुटक किंवा उशिरा येऊ लागली, तर मुदत संपायच्या आधी कळलेले बरे. तोवर राजीनामा परत घेण्याचे संभाषण निदान सुरू तरी करता येते.

एक अडचण मात्र वेगळ्या जातीची आहे. दहा-बारा माणसांच्या लहान कंपनीत एचआर नसते, ऑफर लेटरचा नमुना नसतो, आणि मालक स्वतः फोनवर म्हणतो, "आपल्यात कागद कशाला?" तिथे मोठ्या कंपनीची भाषा वापरली तर तो खरोखर दुखावतो, आणि त्याचा शब्द बऱ्याचदा मोठ्या कंपनीच्या पत्रापेक्षा पक्काही असतो. अशा ठिकाणी पत्र मागू नये, पत्र लिहून द्यावे. पद काय, दरमहा निश्चित रक्कम किती, त्याशिवाय काय आणि कधी मिळणार, काम कुठून करायचे, रुजू कधी व्हायचे, आणि दोन्हीपैकी कोणालाही थांबायचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, या सहा गोष्टी आपणच एका ईमेलमध्ये मांडाव्यात आणि खाली लिहावे की, आपले जे बोलणे झाले ते मी बरोबर समजलो आहे ना, एवढे कळवावे. आपले उत्तर आले की मी राजीनामा देतो. त्याने "हो, बरोबर" असे दोन शब्द लिहून पाठवले, तरी त्या दिवशी राजीनामा द्यायला हरकत नाही. त्याने उत्तरादाखल पुन्हा फोनच केला, तर फोनवर बोलावे, आभार मानावेत, आणि तो ईमेल उत्तरासाठी पुन्हा एकदा पाठवावा.